मराठी हेल आणि मँडरिनचे टोन: सुटं अक्षर जमतं, वाक्यात का बिघडतं?

प्रश्न: "तीन महिने झाले, मँडरिन शिकतोय. सुटं मा-मा-मा-मा म्हणताना चारही टोन बरोबर येतात, शिक्षिकासुद्धा 'छान' म्हणतात. पण वाक्य बोललो की त्या म्हणतात, सगळे टोन गेले. मला गाण्याचा कान नाही, आणि मराठीत टोन नसतातच. मग हे आपल्याला जमणार कसं? नेमका कसला सराव करू?"

गाण्याच्या कानाची काळजी आधी सोडून द्या. सुटे चारही टोन तुम्हाला काढता येतात, म्हणजे तुमचा गळा आणि कान दोन्ही हे काम करतात. अडचण टोन काढण्यात नाही, टोन टिकवण्यात आहे. वाक्य सुरू झालं की तुमच्या नकळत दुसरंच काहीतरी आवाजाचा ताबा घेतं, आणि ते म्हणजे तुमचा मराठी हेल. मी पुण्यात पंधराएक वर्षं मँडरिन शिकवते आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जवळपास प्रत्येक मराठी विद्यार्थी या जागी अडकतो, आणि बहुतेकांच्या चुकाही अगदी सारख्या असतात. एवढ्या लोकांची चूक सारखी असेल तर तिचं मूळ माणसात नसतं, त्यांच्या समान भाषेत असतं.

पुढे मी चिनी शब्द देवनागरीत लिहिते आणि प्रत्येक अक्षरामागे टोनचा आकडा देते. उच्चार अर्थातच अंदाजे आहेत. १ म्हणजे वर आणि सपाट, २ म्हणजे चढता, ३ म्हणजे खालचा, ४ म्हणजे वरून झपकन उतरणारा. आकडा नसेल तर ते अक्षर हलकं, स्वतःचा टोन नसलेलं.

आता एक प्रयोग करा. "माझ्या भावानं काल नवीन गाडी घेतली" हे वाक्य नेहमीसारखं म्हणा. मग तोंड मिटून तेच वाक्य नुसतं गुणगुणा, शब्द न उच्चारता. ऐका काय होतं: "माझ्या भावानं" खालून सुरू होऊन शेवटाकडे वर जातं. "काल" पुन्हा खालून वर. "नवीन गाडी" पुन्हा खालून वर. आणि शेवटचं "घेतली" खाली येऊन टेकतं. म्हणजे मराठीत शब्दांचा एकेक गट खालून वर चढतो, जणू सांगतो की "थांबा, अजून संपलं नाही", आणि शेवटचा गट उतरून सांगतो की "झालं". नागपूरचा हेल वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, मालवणचा तर आणखी वेगळा. त्यामुळे चढ किती आणि नेमका कुठे, हे तुमच्या घरच्या बोलीवर अवलंबून आहे. पण गटागटाने चढणं आणि शेवटी उतरणं हा सांगाडा माझ्याकडे आलेल्या जवळपास सगळ्यांच्या बोलण्यात सापडला.

म्हणजे "मराठीत टोन नसतातच" हे अर्धंच खरं आहे. आवाजाचा चढ-उतार मराठीत भरपूर आहे, पण तो वाक्याच्या मालकीचा आहे. शब्दाचा अर्थ त्याने बदलत नाही, म्हणून आपलं त्याच्याकडे लक्ष जात नाही. मँडरिनमध्ये चढ-उताराची पहिली मालकी अक्षराची असते. तुम्ही सुटं मा१ म्हणता तेव्हा वाक्यच नसतं, म्हणून अक्षराला त्याचा सूर मिळतो. वाक्य सुरू झालं की जुना मालक परत येतो.

हे एका वाक्यात स्पष्ट दिसतं, आणि ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकला असाल: वो३ शर४ यिन४-तू४ रन२, "मी भारतीय आहे". चिनी माणूस हे कसं म्हणतो? "वो" खाली. "शर" उतरता आणि जरा घाईत. मग "यिन" वरून खाली, "तू" पुन्हा वर उडी मारून तिथून खाली. शेवटचं "रन" चढतं, वाक्य संपत असूनही चढतं. आता यावर मराठी हेल ठेवा. "वो शर" हा एक गट, तो चढला. "यिनतू" दुसरा गट, त्यात "यिन" खाली गेलं आणि "तू" चढलं. "रन" शेवटी आलं म्हणून उतरलं. जे दोन उतरायचे होते त्यांतलं एक खाली बसलं आणि एक चढलं, आणि जे चढायचं होतं ते उतरलं. या वाक्यात मराठी हेल आणि चिनी टोन जवळजवळ प्रत्येक पायरीवर उलटे आहेत. शिक्षिका "सगळे टोन गेले" म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही.

याच्या उलट एक शब्द घ्या: श्वे२-श्याओ४, म्हणजे शाळा. आधी चढ, मग उतार. वाक्याच्या शेवटी हा शब्द आला तर मराठी हेल आणि चिनी टोन एकमेकांवर तंतोतंत बसतात. म्हणून हा शब्द आपल्याला पहिल्या दिवसापासून येतो, आणि त्यामुळेच फसवतो. विद्यार्थ्याला वाटतं टोन जमला, पण जमलेला असतो मराठी हेल. सरावासाठी शब्द निवडताना असे फुकट मिळणारे शब्द बाजूला ठेवा आणि जिथे हेल आडवा येतो ते शब्द घ्या.

चार सूर मराठीत कुठे सापडतात

आकड्यांवरून आणि आकृतीवरून टोन शिकण्यापेक्षा स्वतःच्या बोलण्यात तो पकडणं मला जास्त उपयोगी वाटतं, कारण तो सूर तुमच्या गळ्याला आधीच पाठ असतो.

दुसरा टोन सगळ्यात सोपा. कुणी काही बोललं, नीट ऐकू आलं नाही, आणि आपण म्हणतो "अं?" किंवा "काय?" तोच चढ. आश्चर्याने "हो?" म्हणतो तोही चालेल. चौथा टोन म्हणजे लहान मुलाला "ऊठ!", "चल!", "बस!" म्हणतानाचा उतार. पण त्यात एक धोका आहे. मराठीत हा उतार हुकूम किंवा चिडीबरोबर येतो, म्हणून विद्यार्थी चौथ्या टोनला आवाज मोठा करतात, आणि काही सभ्य लोक चिडल्यासारखं वाटेल म्हणून उतार अर्धाच सोडतात. चौथ्या टोनमध्ये राग नसतो. आवाज मोठा करू नका, फक्त सुरुवात उंच ठेवा. उतार जमत नसेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं की सुरुवात पुरेशी वर नव्हती, त्यामुळे उतरायला जागाच उरली नाही.

पहिला टोन दिसायला सोपा आणि मराठी माणसासाठी सर्वांत निसटता. वर जाऊन न हलता थांबणं आपल्या बोलण्यात फारसं नसतं. सगळ्यात जवळचं म्हणजे दुसऱ्या खोलीतून आईला हाक मारतानाचं "आईऽऽ". त्यातला ताणलेला "ईऽऽ" बहुतेकांचा वर आणि सपाट असतो. डॉक्टर "आऽऽ करा" म्हणतात तेव्हाचा आवाजही सपाट असतो, फक्त तो तुमच्या मधल्या पट्टीत असतो. त्याला तीन-चार पायऱ्या वर न्या.

तिसरा टोन "हं…" मध्ये आहे. कुणी तीच तक्रार तिसऱ्यांदा सांगतंय आणि आपण नाइलाजाने खालच्या आवाजात "हं…" म्हणतो, तो. सकाळी उठल्या उठल्या घसा जसा करकरतो, तशी करकर त्यात आली तर फार चांगलं. ती चूक नाही. बऱ्याच चिनी लोकांच्या तिसऱ्या टोनमध्ये ती असते, आणि ऐकणारा तिच्यावरूनही टोन ओळखतो.

उंच आणि खाल म्हणजे किती, असा प्रश्न येईलच. चिनी भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रन यांनी १९३० साली आवाजाच्या पाच पायऱ्या धरून टोन लिहायची पद्धत मांडली. त्या मोजपट्टीवर मँडरिनचा पहिला टोन ५५, दुसरा ३५, तिसरा २१४ आणि चौथा ५१ असा लिहितात. १ म्हणजे तुमची स्वतःची खालची पायरी, ५ म्हणजे तुमची स्वतःची वरची. पेटीवरच्या पट्टीशी याचा संबंध नाही. गाणं शिकलेल्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ते पहिल्या टोनसाठी एक ठराविक स्वर धरून बसतात. आज सर्दी झाली असेल तर आजची ५ कालच्यापेक्षा खाली असेल, तरी बिघडत नाही. चार टोनांमधलं अंतर शाबूत राहिलं पाहिजे.

तिसरा टोन: आकृती विसरा

पुस्तकात तिसऱ्या टोनची खाली जाऊन वर येणारी वाटी काढलेली असते, तिने फार नुकसान केलं आहे. २१४ हे रूप सुट्या अक्षराचं, किंवा वाक्याच्या शेवटी सावकाश म्हटलेल्या अक्षराचं. प्रत्यक्ष बोलण्यात तिसऱ्या टोनपुढे पहिला, दुसरा, चौथा किंवा हलकं अक्षर आलं तर तो फक्त खाली जातो आणि खालीच राहतो. वर येणं नाहीच.

मराठी माणसाला ही वाटी विशेष घातक ठरते. आपला हेल मुळातच खालून वर चढणारा. त्यात पुस्तक सांगतं की तिसरा टोन खाली जाऊन वर येतो. दोन्ही मिळून तिसऱ्या टोनचा चढता टोन होतो, म्हणजे तो दुसऱ्यासारखा ऐकू येतो. पेइ३-चिंग१ हा बीजिंगचा खरा उच्चार घ्या. विद्यार्थी "पेइ" खाली नेतो, आकृती आठवून वर आणतो, आणि तोवर "चिंग"साठी वर जायला काही उरत नाही, म्हणून ते खाली पडतं. त्याऐवजी असं करा: आधी नुसतं "हं…" खाली, मग लगेच हाकेतला "ईऽऽ" वर. हं–ईऽऽ, हं–ईऽऽ. मधे घसरत जायचं नाही, उडी मारायची. ते जमलं की त्याच सुरात "पेइ–चिंग" घाला. लाओ३-शर१, म्हणजे शिक्षक, हाही अगदी तसाच.

दोन तिसरे टोन लागोपाठ आले तर पहिल्याचा दुसरा होतो. म्हणून नमस्कार लिहिताना नी३-हाओ३ असला तरी म्हणायचा नी२-हाओ३. हा नियम तुम्ही शिकला असालच, आणि आपल्याकडून तो सहसा बरोबर पाळला जातो, कारण पहिल्या अक्षराला चढ देणं मराठी हेलाला मानवतं.

ऐकतानाही गोंधळ नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतो, कारण सुटा म्हटला तर दोन्हींच्या शेवटी चढ आहे. दुसरा टोनसुद्धा चढण्याआधी किंचित खाली वाकतो. पण तो लगेच वळतो, आणि तिसरा बराच वेळ खाली रेंगाळून उशिरा वळतो. "चढला का?" असं विचारू नका, "तळाशी किती वेळ होता?" असं विचारा.

मी घेत नाही की मी विकत नाही

शेवटी उतरण्याची सवय कुठे नडते, याचं माझ्याकडचं एक उदाहरण. माझा एक विद्यार्थी चीनमधल्या यीवू शहराच्या घाऊक बाजारातून किरकोळ माल आणायचा. भाव पटला नाही की तो "वो३ पु४ माइ३", म्हणजे "मी घेत नाही", असं म्हणायचा प्रयत्न करी आणि समोरची व्यक्ती बुचकळ्यात पडे. त्याने ते वाक्य मला फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. "माइ" वाक्याच्या शेवटी आल्यामुळे त्याने ते मराठीप्रमाणे वरून खाली सोडलं होतं. माइ३ म्हणजे विकत घेणं, माइ४ म्हणजे विकणं. टाइप करताना `mǎi` आणि `mài` एवढाच फरक. गिऱ्हाईक म्हणत होतं, "मी विकत नाही."

यात आणखी एक बारकावा आहे. "नाही" अर्थाचा पु४ हा पुढे चौथा टोन आला की स्वतः दुसरा होतो. म्हणून "विकत नाही" हे खरं तर वो३ पु२ माइ४ असं म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याने पु४ बरोबर उतरवला होता, तो "घेणे"च्या बाजूची साक्ष देत होता, आणि उतरणारं "माइ" "विकणे"च्या बाजूची. दोन अक्षरं एकमेकांविरुद्ध बोलली की ऐकणारा थबकतो.

आम्ही नवीन नियम कुठलाच शिकलो नाही. तिसरा टोन चौथ्यासारखा उतरतोच, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते थोडं खरंही आहे. दोन्ही शेवटी तळाला जातात. फरक सुरुवातीचा आहे: चौथा ५ वरून निघतो, तिसरा २ वरून. म्हणून त्याला मी "माइ३" वरून उतरवायचं नाही, तळघरातूनच सुरू करायचं, असं सांगितलं. आधी पाच वेळा नुसतं "हं…", मग "पु४–हं…", मग "वो–पु–माइ". आठवड्याभरात ते एक वाक्य बसलं. मग तोच सूर असलेली दुसरी वाक्यं घेतली.

भावना आणि प्रश्न यांचं काय करायचं

मराठीत प्रश्न विचारताना शेवट वर जातो, आणि ही सवय शेवटी उतरण्याइतकीच घट्ट असते. "तू जातोस का?" चिनीत एक रीत आहे: नी३ छ्यू४ पु छ्यू४, "तू जातोस की नाही?" मधलं "पु" इथे हलकं. विद्यार्थी शेवटचं "छ्यू" वर नेतो आणि चौथ्याचा दुसरा होतो. चिनी माणूस प्रश्न विचारताना आवाज वर नेत नाही असं नाही. तो अख्खी मोजपट्टी उचलतो, विशेषतः शेवटाकडे, आणि त्या उचललेल्या पट्टीवर चौथा टोन चौथ्यासारखाच उतरवतो. चाओ युआन-रन यांनीच यासाठी मोठ्या लाटेवरच्या लहान तरंगांची उपमा दिली होती: लाट वाक्याची, तरंग अक्षराचे. लाट वर गेली म्हणून तरंगाने आपला आकार सोडायचा नाही.

जोर देण्याचंही तसंच. मराठीत "मी केलं!" म्हणताना "मी" वर उचलतो. वो३ वर असा जोर दिला तर तो तिसरा राहत नाही. चिनीत जोर दिला की टोन ताणला जातो: वरचा अधिक वर, खालचा अधिक खाली, आणि अक्षर लांबतं. म्हणजे ठासून "मी!" म्हणायचं असेल तर "वो" आणखी खोल न्यायचा. हे मराठी मनाला उलटं वाटतं, आणि सवय व्हायला महिने लागतात. तुमच्या टप्प्यावर निदान एवढं पाळा की चिनी बोलताना नाट्य कमी ठेवा. रंगून बोलायला लागलात की मराठी हेल हमखास परत येतो.

ग म्हटलं की सूर खाली जातो

एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत नसते, कारण ती इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली असतात. पिनयिनमध्ये `b`, `d`, `g` लिहिलेलं दिसलं की आपण ब, ड, ग म्हणतो. चिनीत ते प, त, क आहेत. `p`, `t`, `k` म्हणजे फ, थ, ख, आणि यातला फ "फळ"मधला, ओठ मिटून काढलेला. क आणि ख हा भेद इंग्रजी माणसाला शिकावा लागतो, आपल्याला तो जन्मापासून येतो. तो वापरायचा सोडून आपण रोमन अक्षरांमागे जातो.

टोनशी याचा संबंध असा. ग, ड, ब यांसारखं घोष व्यंजन म्हणताना सूर आपोआप थोडा खाली ओढला जातो, आणि घ, ध, भ म्हणताना आणखी. "का" आणि "घा" पाठोपाठ म्हणून बघा, "घा" खालून निघतो. पंजाबीत तर हीच ओढ वाढून घ, ध, भ यांतला घोष आणि महाप्राण गेला आणि मागे टोन उरला. पंजाबी माणूस "घोडा" म्हणतो तेव्हा आपल्याला क ऐकू येतो आणि सूर खाली लागतो, तो यामुळे. आता "उंच" या अर्थाचा काओ१ घ्या, पिनयिनमध्ये `gāo`. तुम्ही "गाओ" म्हणालात तर सुरुवात खाली ओढली जाते, मग तुम्ही वर जाता, आणि सपाट पहिल्याचा चढता दुसरा होतो. चूक टोनची वाटते, असते व्यंजनाची. पहिला आणि चौथा टोन वारंवार बिघडत असतील तर आधी तुमचा क खरंच क आहे का, ते ऐका.

सराव कसा करायचा

सुट्या मा-मा-मा-माचा सराव तुम्ही थांबवा. त्यातून मिळायचं ते मिळालं. यापुढे दोन अक्षरांचे शब्द, कारण टोनची खरी परीक्षा एका टोनवरून दुसऱ्यावर जाताना होते. मराठी हेलाच्या विरुद्ध जाणाऱ्या चार जोड्यांपासून सुरू करा: चिन१-थ्येन१ (आज), पेइ३-चिंग१ (बीजिंग), वन४-थी२ (प्रश्न), यिन४-तू४ (भारत). रोज दहा-बारा मिनिटं पुरतात. यापेक्षा जास्त वेळ एका बैठकीत केलं तर कान थकतो आणि चुका पक्क्या होतात.

क्रम असा ठेवा. मूळ चिनी आवाज ऐका. मग तोंड मिटून तो गुणगुणा. मग त्याच गुणगुणण्यात शब्द घाला. मग रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐका. गुणगुणण्याची पायरी गाळू नका. शब्द तोंडात असतात तेव्हा आपण अर्थ ऐकतो, नुसत्या गुणगुणण्यात सूर ऐकू येतो. चिन१-थ्येन१ गुणगुणताना तुमचा आवाज एकाच उंचीवर दोनदा थांबला पाहिजे. माझ्याकडे जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा दुसरं अक्षर वर नेतो किंवा खाली टाकतो. यिन४-तू४ मध्ये दुसऱ्या अक्षरासाठी पुन्हा वर जावं लागतं. पहिला उतार मात्र तळापर्यंत जात नाही, अर्ध्यात थांबतो. दोन्ही तळापर्यंत नेऊ लागलात तर दम लागेल आणि बोलणं तुटक वाटेल.

आठवड्याभराने तोच शब्द वाक्याच्या दोन टोकांना ठेवा. "पेइ३-चिंग१ हन३ ता४", बीजिंग फार मोठं आहे. "वो३ छ्यू४ पेइ३-चिंग१", मी बीजिंगला जातो. दोन्ही वाक्यांतला "पेइ-चिंग" कापून शेजारी शेजारी ऐका. दुसऱ्या वाक्यातला "चिंग" पडला असेल तर तो वाक्याचा "झालं" आहे. चिनी वाक्यात शेवटाकडे पट्टी थोडी उतरते हे खरं, पण पहिला टोन तेव्हाही सपाटच असतो, घसरत नाही.

कानावर भरवसा नसेल तर संगणकावर `Praat` हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आवाज उघडला की सुराची रेघ दिसते. तुमची आणि मूळ आवाजाची रेघ वरखाली ठेवून आकार ताडून पाहा, उंची जुळवू नका, कारण प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीत असतो. तिसऱ्या टोनपाशी रेघ तुटलेली किंवा उड्या मारताना दिसली तर घाबरू नका. आवाज करकरला की सॉफ्टवेअरला सूर मोजता येत नाही, आणि ती करकर आपल्याला हवीच आहे.

किती दिवस लागतील हे तुम्ही किती ऐकता त्यावर आहे. माझ्याकडे नियमित रेकॉर्ड करणाऱ्यांचे ठराविक, पाठ वाक्यांतले टोन साधारण दोन महिन्यांत स्थिरावतात. आयत्या वेळी मनातलं बोलताना ते पुन्हा डळमळतात, आणि ते बराच काळ चालतं. चिनी माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज बोलतो. तेवढ्या वेगात अर्थ, शब्द आणि सूर तिन्ही जमायला वेळ लागणारच. तोवर सावकाश बोला. सावकाश आणि बरोबर टोनचं वाक्य चिनी माणसाला लगेच कळतं, घाईतलं चुकीचं त्याला दोनदा विचारावं लागतं.

शेवटची गोष्ट, तुमच्या शिक्षिका कुठल्या आहेत तेवढं पाहा. त्या तैवानच्या असतील तर वाक्याच्या शेवटीही त्यांचा तिसरा टोन बहुधा वर येणार नाही, खालीच थांबेल, आणि बीजिंगमध्ये जी अक्षरं हलकी म्हणतात त्यांतल्या बऱ्याच अक्षरांना त्या पूर्ण टोन देतील. तुमचं रेकॉर्डिंग एखाद्या बीजिंगच्या आवाजाशी ताडून पाहिलंत तर तिथे फरक दिसेल, आणि तो तुमची चूक म्हणून दुरुस्त करू नका. रोज ज्यांच्याशी बोलता त्यांचाच आवाज पुढचे सहा महिने नमुना म्हणून धरा.